हेल्पलाइनचा अनुभव लिहिताना: घड्याळ, वाक्य आणि तारीख

माझी मावसबहीण साताऱ्यात घरगुती मसाले करून विकते. हळद मात्र ती सांगलीहूनच आणते. मध्यंतरी एका शुक्रवारी, ७ तारखेला, ती गणपती पेठेतल्या एका दुकानात गेली, पन्नास किलो हळकुंडाचं पोतं निवडलं, भाव ठरवला आणि काउंटरवरचा क्यूआर कोड स्कॅन करून ८,६०० रुपये भरले. खात्यातून पैसे गेल्याचा बँकेचा मेसेज तिच्या फोनवर आला. दुकानदाराच्या छोट्या स्पीकरमधून मात्र ‘पैसे मिळाले’ असा आवाज आलाच नाही. अ‍ॅपवर ‘प्रक्रियेत’ एवढंच दिसत होतं. दुकानदार भला होता, पण पैसे न मिळता पोतं कसं द्यायचं? शेवटी बरोबर आलेल्या भाच्यानं त्याच्या खात्यातून पुन्हा ८,६०० भरले, पोतं एसटीत चढलं आणि बहिणीनं तिथेच दुकानाच्या पायरीवर बसून अ‍ॅपची मदत-चॅट उघडली.

त्या रात्री तिनं मला तिचा अभिप्राय वाचून दाखवला. अ‍ॅपनंच मागितला होता तो, चॅट संपता संपता. ‘अत्यंत थर्ड क्लास सेवा. तासभर थांबवलं. कुणीही नीट बोलत नाही. हे अ‍ॅप कुणीही वापरू नका.’ आणि एक तारा. राग शंभर टक्के खरा होता. पण हे वाचून त्या कंपनीतल्या माणसाला नेमकं काय सुधारायचं ते कळणार नव्हतं आणि तशाच अडचणीत सापडलेल्या दुसऱ्या ग्राहकाला त्यातून काही मिळणार नव्हतं. शिवाय तासभर थांबवलं हे खरंही नव्हतं. मी तिला म्हटलं, ‘आत्ता पाठवू नकोस. पैसे परत येऊ देत किंवा यायची तारीख उलटू दे, मग लिहू.’ ती वैतागली. ‘दादा, तोवर माझा राग उतरेल ना!’ म्हणाली. पण थांबली.

पुढच्या पंधरा दिवसांत तिनं जे टिपून ठेवलं, त्यावरून हा लेख लिहितो आहे. हेल्पलाइनचा किंवा चॅटचा अनुभव लिहायचा तर तीन गोष्टी तपासायच्या: किती वेळ थांबावं लागलं, उत्तर स्पष्ट होतं का आणि नंतर पाठपुरावा झाला का. तिन्ही गोष्टी मोजता येतात, फक्त त्या मोजायच्या कशा हे माहीत असावं लागतं.

वेळेपासून सुरुवात करू. ‘तासभर’ हा आपल्या मनातला तास असतो. बहिणीच्या चॅटवर प्रत्येक संदेशाखाली वेळ छापलेली होती, ती आम्ही कागदावर उतरवली. ११.५८ ला तिनं मदत उघडली. पुढची सहा मिनिटं यंत्राचे ठरावीक प्रश्न आणि पर्याय चालले. १२.०४ ला तिला ‘प्रतिनिधीशी बोला’ हे बटण सापडलं. पहिला माणूस आला १२.३१ ला. संभाषण १२.५२ ला संपलं, आणि त्या एकवीस मिनिटांत एकदा सलग नऊ मिनिटं समोरून काहीच आलं नाही. म्हणजे माणूस मिळेपर्यंत ३३ मिनिटं, त्यातली २७ निव्वळ रांगेतली. हे आकडे ‘तासभर’पेक्षा लहान आहेत, पण वजनदार आहेत, कारण ते कुणाला खोडता येत नाहीत.

यात एक फरक लक्षात ठेवा. चॅट उघडताक्षणी ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू?’ असं येतं, ते यंत्राचं असतं. ‘दोन सेकंदांत प्रतिसाद’ अशी जाहिरात करणारे बहुतेक वेळा हेच मोजतात. तुम्ही मोजायचा तो तुमची अडचण वाचून लिहिलेल्या पहिल्या वाक्यापर्यंतचा वेळ. फोनवर हे थोडं अवघड जातं. कॉलच्या नोंदीत एकूण वेळ दिसतो, पण त्यात ‘मराठीसाठी अमुक दाबा’, मधलं संगीत आणि प्रत्यक्ष बोलणं असं सगळं मिसळलेलं असतं. सोपा उपाय म्हणजे स्पीकर चालू ठेवायचा आणि जवळच्या पाठकोऱ्या कागदावर दोनच वेळा लिहायच्या: नंबर लावला ती आणि माणसाचा आवाज आला ती.

किती थांबणं म्हणजे जास्त? सगळ्या क्षेत्रांना लागू होईल असा एक आकडा नाही. मोबाइल कंपन्यांसाठी ‘ट्राय’नं घालून दिलेली कसोटी अशी आहे की ग्राहक सेवेतल्या माणसाकडे आलेल्या कॉलपैकी किमान ९५ टक्के कॉल ९० सेकंदांच्या आत उचलले गेले पाहिजेत. पैशांच्या अ‍ॅपला हा नियम लागू नाही, पण आपलं थांबणं कशाच्या शेजारी ठेवून पाहायचं याचा अंदाज त्यावरून येतो. आणि वार-वेळ लिहायला विसरू नका. सोमवारी सकाळी अकराला आणि रविवारी दुपारी तीनला एकाच हेल्पलाइनची रांग सारखी नसते. एकदाच अनुभव घेतला असेल तर ‘नेहमी असंच होतं’ असं लिहू नये, ‘मी शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास गेले तेव्हा’ असं लिहावं.

चॅट बंद करण्यापूर्वी तिचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. काही अ‍ॅपमध्ये तक्रार बंद झाली की संभाषणही दिसेनासं होतं, आणि मग तुमच्याकडे आठवण तेवढी उरते.

आता उत्तराकडे. माझ्या मते अभिप्रायातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हा आहे. प्रतिनिधी गोड बोलला की आपण ‘छान उत्तर दिलं’ म्हणतो, तुटक बोलला की ‘नीट बोलले नाहीत’ म्हणतो. बहिणीच्या चॅटवरचा मुलगा अतिशय नम्र होता. तीन वेळा ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ म्हणाला. शेवटी त्यानं लिहिलं, ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे, रक्कम २४ ते ४८ तासांत परत येईल.’ बहिणीला वाटलं, चला, उत्तर तरी मिळालं.

उत्तर स्पष्ट आहे की नाही हे पाहायला माझ्याकडे एक साधी परीक्षा आहे. फोन ठेवल्यावर घरातल्या कुणालाही ते उत्तर एका वाक्यात सांगून पाहा: कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत करणार आणि नाही झालं तर आपण कुठे जायचं. या चारांपैकी जे सांगता येत नाही, ते तुम्हाला सांगितलं गेलेलं नाही. ‘संबंधित विभाग’ म्हणजे कोण? अ‍ॅप, आपली बँक की दुकानदाराची बँक? ‘२४ ते ४८ तास’ कुठून मोजायचे, पैसे गेल्यापासून की तक्रार केल्यापासून? आणि ४८ तासांनंतर काय? त्या नम्र उत्तरात चारांतलं एकच अर्धंमुर्धं होतं.

इथे नियम माहीत असले की उत्तर पारखणं फार सोपं होतं. रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ रोजी अडकलेल्या डिजिटल व्यवहारांसाठी एक परिपत्रक काढलं. त्यात यूपीआयचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात पैसे पाठवले, पाठवणाऱ्याचे गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. पैसे व्यापाऱ्याला दिले, खात्यातून गेले आणि दुकानात पोच आली नाही, तर ही मुदत व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांची आहे. मुदत उलटली की दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकानं तक्रार करण्याची वाट न पाहता बँकेनं स्वतःहून जमा करायची.

म्हणजे प्रतिनिधीनं सर्वांत आधी एकच प्रश्न विचारायला हवा होता: हा क्यूआर कोड दुकानाच्या व्यापारी खात्याचा होता की दुकानदाराच्या वैयक्तिक खात्याचा? आपल्याकडे हा प्रश्न फार खरा आहे. राजवाड्यापाशी भाजी विकणाऱ्या मावशींचा कोड बऱ्याचदा त्यांच्या मुलाच्या साध्या खात्याचा असतो, तर बोलणारा स्पीकर ठेवलेल्या दुकानाचा कोड बहुधा व्यापारी खात्याचा. बहिणीनं पाठवलेले पैसे व्यापारी खात्याकडे निघाले होते. ७ तारखेच्या व्यवहाराला १२ तारीख ही शेवटची मुदत. ‘२४ ते ४८ तास’ हे या प्रकाराचं उत्तरच नव्हतं. प्रतिनिधीनं दोन्ही प्रकारांची सरमिसळ केली, किंवा समोर लिहून ठेवलेलं वाक्य उतरवलं. अभिप्रायात लिहायचं ते हे. ‘उत्तर अस्पष्ट होतं’ एवढं पुरेसं नाही. ‘व्यवहार व्यापाऱ्याचा की व्यक्तीचा हे विचारलं नाही, त्यामुळे मुदत चुकीची सांगितली’ असं लिहिलं की प्रतिनिधींना शिकवणाऱ्या माणसाच्या हाती काहीतरी लागतं.

पुढचे सहा दिवस तिची वही अशी सांगते. सोमवारी, १० तारखेला सकाळी, अ‍ॅपकडून संदेश आला: ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.’ पैसे आले नव्हते. बुधवारी १२ तारीख उलटली. गुरुवारी १३ तारखेला सकाळी सव्वादहाला तिनं स्वतःच्या बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. नंबर तिनं डेबिट कार्डाच्या मागून घेतला, आणि हे मी मुद्दाम सांगतो. शोधयंत्रावर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करणं हा फसवणुकीचा हमरस्ता आहे. नंबर कार्डावरून, पासबुकावरून किंवा अ‍ॅपच्या आतून घ्या, आणि अभिप्रायातही तो कुठून घेतला हे लिहा. तसं कुणी फसलंच, तर १९३० या नंबरवर ताबडतोब कळवायचं.

बँकेच्या फोनवर तीन मिनिटं रेकॉर्ड केलेल्या सूचना, चौदा मिनिटं संगीत, आणि मग एक मुलगी आली. तिनं आधी व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक मागितला. अ‍ॅपमधल्या त्या व्यवहारावर बोट ठेवलं की तो यूटीआर या नावानं दिसतो, आणि चॅटवरच्या मुलानं तो मागितलाच नव्हता. मग ती म्हणाली, ‘ताई, हा व्यापारी व्यवहार आहे. समोरच्या बँकेकडून दुजोरा आलेला नाही. पाच दिवसांची मुदत काल संपली. शनिवारपर्यंत पैसे यायला हवेत, कालच्या पुढे प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये मिळतील. शनिवारपर्यंत आले नाहीत तर शाखेत लेखी अर्ज द्या आणि हा तक्रार क्रमांक त्यावर घाला.’ बोलणं सहा मिनिटांत संपलं. चारही प्रश्नांची उत्तरं त्यात होती. थांबायला लागलं सतरा मिनिटं, पण बहीण फोन ठेवून म्हणाली, ‘हिला पाच तारे.’

तिला तारे द्यावेतच. पण त्या मुलीला एक आणि हेल्पलाइनला दुसरा असा हिशेब वेगळा ठेवायला हवा. सतरा मिनिटांची रांग तिनं लावलेली नसते, माणसं किती नेमायची हे ठरवणाऱ्यांनी लावलेली असते. कॉल संपताक्षणी ‘एक ते पाचमधला आकडा दाबा’ असं येतं तेव्हा बहुधा फक्त त्या प्रतिनिधीला गुण दिले जातात. रांगेचा राग तिथे काढला तर त्या मुलीच्या पगारावर परिणाम होऊ शकतो आणि रांग जिथल्या तिथे राहते. रांगेबद्दल लेखी लिहा, प्रतिनिधीबद्दल आकडा दाबा.

पैसे शनिवारी, १५ तारखेला संध्याकाळी सातला आले. ८,६०० पूर्ण. १३, १४ आणि १५ असे तीन दिवस उशीर झाला, म्हणजे ३०० रुपये यायला हवेत. ते आले नाहीत. सोमवारी १७ तारखेला तिनं बँकेला दोन ओळींचा ईमेल केला: व्यवहाराची तारीख, संदर्भ क्रमांक, पैसे परत आल्याची तारीख, आणि २०१९च्या परिपत्रकानुसार तीन दिवसांची भरपाई. २२ तारखेला ३०० रुपये जमा झाले. त्या तीनशेचं तिला आठ हजारांपेक्षा जास्त अप्रूप वाटलं.

पाठपुरावा म्हणजे काय ते या घटनाक्रमात दिसतं. अ‍ॅपनं तक्रार बंद केली, पण पैसे आले का हे पाहिलं नाही. ‘सोडवली’ हा शब्द त्यांच्या नोंदवहीसाठी होता, तिच्यासाठी नव्हता. बँकेनं योग्य तारीख सांगितली आणि पाळली, पण पैसे आल्यावर एका ओळीचंही कळवलं नाही आणि भरपाई मागितल्यावरच दिली. पाठपुराव्याबद्दल लिहिताना मी दोनच प्रश्न विचारतो: ठरलेल्या तारखेला त्यांनी आपणहून संपर्क केला का? आणि दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागली का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर तक्रार क्रमांक असूनही आधीची नोंद कुणी वाचत नाही, असा त्याचा अर्थ. म्हणूनच अभिप्राय चॅट संपल्यावर लिहून भागत नाही. ७ तारखेलाच लिहिला असता तर ‘सोडवली’चा खोटेपणा त्यात आला नसता, आणि १६ तारखेला लिहिला असता तर भरपाईचा भाग राहून गेला असता.

२३ तारखेला तिनं अ‍ॅपसाठी लिहिलेला अभिप्राय हा असा:

> ‘शुक्रवार ७ तारखेला सांगलीत दुकानाच्या क्यूआर कोडवर भरलेले ८,६०० रुपये खात्यातून गेले, दुकानात पोचले नाहीत. दुपारी ११.५८ ला चॅट उघडली, माणूस १२.३१ ला मिळाला. प्रतिनिधी नम्र होते. पण त्यांनी संदर्भ क्रमांक मागितला नाही, व्यवहार व्यापाऱ्याचा आहे का हे विचारलं नाही आणि २४ ते ४८ तासांत पैसे येतील असं सांगितलं. व्यापारी व्यवहाराची मुदत पाच दिवसांची असते. १० तारखेला पैसे आलेले नसताना तक्रार सोडवल्याचा संदेश आला. पुन्हा संपर्क झाला नाही. पैसे १५ तारखेला माझ्या बँकेकडे पाठपुरावा केल्यावर आले. तक्रार बंद करण्यापूर्वी ग्राहकाला पैसे मिळाले का हे विचारावं, ही मागणी.’

यात एकही शिवी नाही, आणि कंपनीला अडचणीत आणणारं प्रत्येक वाक्य आहे. ‘कुणीही वापरू नका’ हे तिनं स्वतःहून काढलं. शेवटची मागणी मात्र ठेवली, आणि ती एकच ठेवली. दहा मागण्या केल्या की दहाही वाचल्या जात नाहीत.

काय लिहू नये हेही महत्त्वाचं आहे. चारचौघांना दिसेल अशा अभिप्रायात मोबाइल नंबर, खाते क्रमांक, पूर्ण संदर्भ क्रमांक घालू नका. अडचणीत सापडलेली माणसं शोधत फिरणारे भामटे नेमके असे अभिप्राय वाचतात आणि ‘आम्ही कंपनीकडून बोलतो, आपली तक्रार सोडवतो’ म्हणून फोन करतात. बहिणीलाही असा एक फोन आला होता. त्यानं तिला स्क्रीन दाखवणारं एक अ‍ॅप डाउनलोड करायला सांगितलं, तिनं फोन ठेवला. पैसे परत मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना. प्रतिनिधीचं नावही जाहीर अभिप्रायात घालू नये. तक्रार क्रमांकावरून कंपनीला तो माणूस सापडतो.

अशा नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. बँकेकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. तिथे ‘कधी तक्रार केली, काय उत्तर मिळालं’ हेच विचारतात, आणि वेळ, वाक्य, तारीख अशी वही असेल तर अर्ध्या तासात अर्ज भरून होतो. वस्तूची ऑनलाइन खरेदी असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार विक्री करणाऱ्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची असते. म्हणजे तिथे पाठपुरावा मोजायला ४८ तास आणि एक महिना हे दोन आकडे आयते मिळतात.

तुमच्या फोनमध्ये ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ असा एखादा जुना संदेश नक्की असेल. तो आज उघडा आणि त्यात तारीख दिली आहे का पाहा. नसेल, तर त्याच संदेशाला उत्तर देऊन ती लेखी मागून घ्या.